धागा: लेझरवरून आलेला पत्रा बरोबर, वाकवल्यावर मात्र दीड मिलिमीटर जास्त. फ्लॅट पॅटर्न कुठे चुकतो आहे?

कुपवाडकर

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचे लहानसे युनिट आहे आणि तासगाव भागातल्या बेदाणा शेडसाठी आम्ही प्रतवारीची यंत्रे बनवतो. आजवर आमचे ब्रॅकेट गॅस कटिंग आणि वेल्डिंगने होत असत. या हंगामापासून ते लेझरवर कापून घ्यावेत आणि बाहेरच्या बेंडिंगवाल्याकडून वाकवून घ्यावेत असे ठरवले, आणि पहिल्याच लॉटला अडचण आली आहे.

भाग अगदी साधा आहे. २ मिमी सीआरसीए पत्र्याचा यू आकाराचा ब्रॅकेट, बाहेरून मोजल्यास दोन्ही पाय ५० मिमी, मधला भाग १०० मिमी आणि लांबी ८० मिमी. दोन्ही बेंड ९० अंशांचे आहेत. मी तो फ्यूजनमध्ये काढला. बेंडिंगवाल्याला त्रिज्या विचारली तेव्हा त्याने पंचाच्या टोकाची त्रिज्या १ मिमी असल्याचे सांगितले, म्हणून `Bend Radius` मध्ये १ घातले. `K Factor` आधीपासून ०.४४ होता तो तसाच ठेवला. `Create Flat Pattern` केल्यावर उलगडलेली लांबी १९३.९ मिमी आली आणि तीच डीएक्सएफ लेझरला दिली.

वाकवून आलेल्या चाळीस ब्रॅकेटचे पाय ५० मिमी आहेत, पण मधला भाग १०१.५ मिमी भरतो. हा भाग १००.५ मिमीच्या खाचेत बसायचा आहे, त्यामुळे एकही ब्रॅकेट आत जात नाही. बेंडिंगवाला म्हणतो की ड्रॉइंग चुकले, लेझरवाला म्हणतो की फाइलप्रमाणे कापले. दोघांशी आमचे जुने संबंध आहेत आणि मला कोणावर दोष ठेवायचा नाही. चूक नेमकी कुठे आहे आणि पुढच्या लॉटआधी ती कशी ओळखायची, एवढेच समजून घ्यायचे आहे.

आप्पा_विटा

आम्ही तीस वर्षे पत्र्याची कामे केली. त्या काळी ना के-फॅक्टर होता ना संगणक. बाहेरच्या मापांची बेरीज करायची आणि प्रत्येक बेंडला दोन जाड्या वजा करायच्या. तुमची बेरीज २००, बेंड दोन, म्हणजे ८ वजा करून १९२ मिमी पट्टी कापायची. सॉफ्टवेअरने १९३.९ सांगितले तिथेच गाडी रुळावरून घसरली. १९२ घ्या आणि निर्धास्त व्हा.

मिरज_फॅब

लेझरची किरण जेवढा पत्रा खाते तेवढी भर ड्रॉइंगमध्ये घातलीत का? आमच्याकडे एकदा असाच घोळ झाला होता. कटची रुंदी धरली नाही तर भागाचे माप बदलते. माझ्या मते चूक लेझरच्या बाजूची आहे.

लेझर_सातारा

मिरज_फॅब, तसे करू नये, नाहीतर भरपाई दोनदा होईल. कटची रुंदी आम्ही मशीनच्या प्रोग्रॅममध्ये धरतो. बाहेरच्या कडेला किरण अर्ध्या रुंदीने बाहेर सरकते आणि भोकाला तेवढीच आत सरकते. ड्रॉइंग नेमक्या मापाचेच यायला हवे.

शिवाय या प्रकरणात लेझर दोषी आहे की नाही हे दोन मिनिटांत कळते. कुपवाडकर, आपल्याकडे न वाकवलेला एखादा तुकडा शिल्लक असेल तर त्याची लांबी व्हर्नियरने मोजा. १९३.९ च्या आसपास भरली तर लेझरचा विषय तिथेच संपतो.

कुपवाडकर

तीन तुकडे शिल्लक होते. १९३.९, १९३.८५ आणि १९३.९ असे भरले. म्हणजे लेझरवाल्याचे म्हणणे खरे आहे.

आप्पा, तुमच्या हिशोबाने १९२ कापले तर मधला भाग साधारण ९९.६ येईल असे मला वाटते, कारण जास्तीचे १.५ गेल्यावर १९२.४ उरते. माझ्या कामात तेवढे चालेलही, पण मग तुमचा नियम आणि सॉफ्टवेअर यांच्यात जवळजवळ दोन मिलिमीटरचा फरक का पडावा, हे मला कळत नाही.

वैशाली_टूलरूम

कुपवाडकर, आपण दिलेल्या मापांतच बरेचसे उत्तर आहे.

आधी एक गोष्ट पाहा. पाय बरोबर ५० आले आणि सगळी चूक मधल्या भागात गेली. हा योगायोग नाही. बेंडिंगवाला पत्र्याची कड बॅकगेजला टेकवतो, पहिल्या तुकड्यावर गेज हलवून पाय ५० चा करून घेतो आणि मग पत्रा फिरवून दुसरा पाय त्याच गेजवर वाकवतो. दोन्ही पाय त्याने हाताने जुळवले असल्यामुळे ते बरोबरच येणार. पट्टीत जे काही कमीजास्त असेल ते सगळे ज्या मापाला गेज लागत नाही त्या मापात जाऊन साठते, आणि यू ब्रॅकेटमध्ये ते माप म्हणजे मधला भाग. म्हणून मधल्या भागातल्या चुकीला बेंडच्या संख्येने भागायचे. आपली १.५ मिमी चूक म्हणजे दर बेंडला ०.७५ मिमी.

आता ती ०.७५ आली कुठून ते पाहू. सॉफ्टवेअर हे दोन हिशोब करते:

```
BA = (pi/180) * A * (R + K*T)
BD = 2 * (R + T) * tan(A/2) - BA
```

`A` म्हणजे बेंडचा कोन, `R` आतली त्रिज्या, `T` पत्र्याची जाडी, आणि `K` म्हणजे वाकताना ना ताणली जाणारी ना दबणारी तटस्थ रेषा आतल्या बाजूपासून जाडीच्या किती हिश्शावर आहे ते. `BA` म्हणजे वाकलेल्या भागात खर्च होणारी पत्र्याची लांबी, आणि `BD` म्हणजे बाहेरच्या मापांच्या बेरजेतून दर बेंडला वजा करायची रक्कम. आपले आकडे, म्हणजे त्रिज्या १, जाडी २ आणि के ०.४४ घातले तर `BA` २.९५ येतो आणि `BD` ३.०५. दोनशेतून दोनदा ३.०५ गेले की १९३.९ उरतात. सॉफ्टवेअरने सांगितल्याप्रमाणे चोख काम केले आहे.

चूक त्रिज्येत आहे. हल्ली बहुतेक बेंडिंग हवेतले असते, म्हणजे पत्रा व्ही डायच्या तळाला टेकत नाही, दोन खांद्यांवर पेलला जातो आणि पंच त्याला मधून दाबतो. अशा बेंडमध्ये आतली त्रिज्या पंचाच्या टोकावर ठरत नाही, व्हीच्या उघडीवर ठरते. साध्या पोलादी पत्र्याला ती उघडीच्या सुमारे १६ टक्के येते. पंचाचे टोक १ मिमीचे असले तरी १६ च्या व्हीवर पत्रा आपणहून अडीच मिमीच्या जवळपासची त्रिज्या घेतो. पंचाची त्रिज्या त्याहून मोठी असेल तरच पंचाचे चालते.

त्यामुळे बेंडिंगवाल्याला पंचाविषयी विचारू नका. २ मिमीच्या पत्र्याला तो कोणता व्ही लावतो ते विचारा.

कुपवाडकर

ताई, आत्ताच फोन केला. तो म्हणाला, "दोनच्या पत्र्याला सोळाचाच व्ही असतो, बारा लावला तर मशीनवर लोड येतो." म्हणजे आपला अंदाज तंतोतंत खरा ठरला.

तेव्हा आता त्रिज्येत २.६ घालून नवीन फ्लॅट पॅटर्न काढला की काम झाले का?

वैशाली_टूलरूम

जवळपास झाले, पण चाळीस तुकडे कापण्याआधी एक पट्टी वाकवून पाहा. १६ टक्के हा अंदाज आहे. पत्रा किती कडक आहे आणि प्रत्यक्षात किती जाड आहे यावर तो थोडा इकडेतिकडे होतो. पट्टीची चाचणी अशी करावी.

त्याच पत्र्यातून, त्याच लेझरवर १०० मिमी लांब आणि किमान ५० मिमी रुंद अशा तीन पट्ट्या कापून घ्या. प्रत्येकीची लांबी मोजून तिच्यावरच मार्करने लिहा. नंतर त्याच व्हीवर प्रत्येक पट्टीला साधारण मध्यावर एकच ९० अंशांचा बेंड द्या. तो नेमका मध्यावर यावा असा आग्रह नको, कारण आपल्याला दोन्ही पायांची बेरीज हवी आहे. कोन मात्र गुण्याने नीट तपासा. कोन दोन अंश उघडा राहिला तर बाहेरचे माप घेताना व्हर्नियर तिरका बसतो आणि पुढचा सगळा हिशोब वाया जातो. कडेची बर काढून मगच मोजा. दोन्ही पायांच्या बाहेरच्या मापांच्या बेरजेतून मूळ लांबी वजा केली की जे उरते तोच त्या पत्र्याचा, त्या व्हीवरचा `BD`.

यात के-फॅक्टर, त्रिज्या, सूत्र काहीच लागत नाही. पत्रा स्वतःच उत्तर देतो.

आप्पा_विटा

ताई, तुमचे म्हणणे पटते. पण मग आमचा दोन जाड्यांचा नियम इतकी वर्षे कसा चालला? आमचे भागही बसतच होते.

वैशाली_टूलरूम

आप्पा, तो चालत होता याला कारण आहे. दोन जाड्या वजा करणे म्हणजे आतल्या मापांची बेरीज घेणे. सूत्रात घालून पाहिले तर आतली त्रिज्या जाडीच्या साधारण दीडपट असते तेव्हा `BD` जवळजवळ दोन जाड्यांइतकाच येतो. २ मिमी पत्रा २० च्या व्हीवर वाकवला की त्रिज्या ३.२ च्या आसपास मिळते आणि `BD` ४.१ च्या जवळ जातो. आपल्याकडे मोठा व्ही लावायची पद्धत असणार, म्हणून नियम जुळत गेला. १६ वर तो दर बेंडला दोन दशांश चुकतो आणि १२ वर त्याच्या दुप्पट. दोन बेंडच्या ब्रॅकेटमध्ये ते खपून जाते, सहा बेंडच्या पेटीत खपत नाही.

आप्पा_विटा

बरोबर. आमच्या मशीनला एकच मोठा डाय होता आणि तो आम्ही कधी बदलला नाही. आता उलगडा झाला.

सुनंदा_मिरज

चर्चा वाचते आहे. मी डेअरीसाठी स्टेनलेसची झाकणे आणि ट्रे बनवून घेते. माझ्याकडे ३०४ चा १.५ मिमी पत्रा असतो आणि माझी तक्रार उलट आहे. माझ्या ट्रेच्या कडेला ७ मिमीचा ओठ हवा आहे. फ्लॅट पॅटर्न बरोबर आहे, पण बेंडिंगवाला म्हणतो की हा ओठ वाकवताच येत नाही. त्याने प्रयत्न केला तेव्हा कड डायमध्ये घसरली आणि ओठ वेडावाकडा झाला. यातही त्रिज्येचाच दोष असावा का? की के-फॅक्टर बदलावा?

वैशाली_टूलरूम

सुनंदाताई, यात के-फॅक्टर बदलून काहीही होणार नाही. पत्रा वाकत असताना त्याची कड व्हीच्या खांद्यावर शेवटपर्यंत टेकलेली राहायला हवी. त्यासाठी पायाची लांबी व्हीच्या उघडीच्या सुमारे ७० टक्के तरी लागते. १.५ ला त्याने १२ चा व्ही लावला असेल तर साडेआठ मिमीहून लहान ओठ खांद्यावरून सुटणार. एक तर ओठ ९ किंवा १० मिमी करा, नाहीतर तो ८ चा व्ही लावायला तयार आहे का ते विचारा. स्टेनलेसला जोर जास्त लागत असल्यामुळे तो कदाचित नकार देईल.

आणि स्टेनलेससाठी साध्या पत्र्याचे आकडे वापरू नका. ३०४ ला त्याच व्हीवर त्रिज्या मोठी येते, उघडीच्या २० टक्के किंवा थोडी वरच, शिवाय तो परतही जास्त उघडतो. त्याच्या पट्ट्या वेगळ्या वाकवाव्या लागतील.

सुनंदा_मिरज

मनापासून आभार. ओठ १० मिमी केला तर डेअरीवाल्यांची हरकत नसावी, त्यांना फक्त हाताला धार लागायला नको आहे. हे ड्रॉइंग काढणाऱ्याने मला आधी सांगितले असते तर सोळा ट्रेचा पत्रा वाचला असता.

विश्रामबाग_विद्यार्थी

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि फ्रीकॅड वापरतो. ताईंच्या सूत्रात आकडे घालून पाहिले तेव्हा माझे आणि त्यांचे उत्तर जुळले. पण फ्रीकॅडच्या शीट मेटल वर्कबेंचमध्ये तोच भाग उलगडला की लांबी जवळजवळ दीड मिमी कमी येते. भाग तोच आहे, के तोच आहे, ०.४४. कुठे चुकत असावे?

वैशाली_टूलरूम

उलगडताना के-फॅक्टरच्या शेजारी `ANSI` आणि `DIN` असे दोन पर्याय दिसतात, त्यांतला कोणता निवडला आहे ते पाहा. एका पद्धतीत तटस्थ रेषेचे अंतर पूर्ण जाडीच्या तुलनेत मोजतात, दुसरीत अर्ध्या जाडीच्या तुलनेत. त्यामुळे `ANSI` चा ०.४४ म्हणजे `DIN` चा ०.८८ होतो. `DIN` निवडून ०.४४ ठेवला तर सॉफ्टवेअर ०.२२ धरते.

विश्रामबाग_विद्यार्थी

`DIN` च होता. बदलल्यावर १९३.९ आले. खूप आभार, ताई. हे मी स्वतः शोधत बसलो असतो तर आठवडा गेला असता.

कुपवाडकर

मंडळी, आज पट्ट्या वाकवून आणल्या. मी स्वतः बेंडिंगवाल्याकडे जाऊन उभा राहिलो. तो आधी नाखूश होता, पण पट्टी कशासाठी आहे हे सांगितल्यावर त्यालाच उत्सुकता वाटू लागली.

पहिली पट्टी वाकवल्यावर गुण्या लावला तर वरच्या टोकाला उजेड दिसत होता. त्याने खोली किंचित वाढवून पुन्हा दाबली, तेव्हा उजेड गेला. तीनही पट्ट्या मोजून १०० मिमी लांब होत्या. वाकवल्यानंतर पहिलीचे पाय ५२.१ आणि ५१.७ भरले, म्हणजे बेरीज १०३.८. दुसरीची १०३.७५ आणि तिसरीची १०३.८५. मी सरासरी ३.८ धरतो आहे.

म्हणजे २०० मधून ७.६ वजा करून १९२.४. आमच्या ब्रॅकेटमध्ये जास्तीचे १.५ भरत होते, तेही याच आकड्याशी जुळते. पट्टी इतके नेमके सांगेल असे मला खरोखर वाटले नव्हते.

आता प्रश्न असा की फ्यूजनच्या शीट मेटल रूलमध्ये मला हा ३.८ घालायला जागा दिसत नाही. तिथे फक्त त्रिज्या आणि के-फॅक्टर आहेत. मग तो कसा द्यावा?

वैशाली_टूलरूम

उलटा हिशोब करायचा. आधी पट्टीची आतली त्रिज्या रेडियस गेजने पाहा. समजा २.५ चे पान नीट बसले. त्रिज्या आणि जाडी मिळून ४.५, त्याची दुप्पट ९. त्यातून ३.८ गेले की `BA` ५.२ उरतो. ५.२ ला १.५७०८ ने भागले की ३.३१ येतात. त्यातून त्रिज्या २.५ वजा केली की ०.८१, आणि त्याला जाडी २ ने भागले की के-फॅक्टर ०.४०५. आता रूलमध्ये त्रिज्या २.५ आणि के ०.४०५ घाला. फ्लॅट पॅटर्नची लांबी १९२.४ आली तर हिशोब बरोबर आहे.

यातून आणखी एक गोष्ट दिसते. आपल्या दर बेंडच्या ०.७५ चुकीपैकी ०.६४ केवळ त्रिज्येमुळे होती. के-फॅक्टरचा वाटा ०.११ एवढाच. लोक के-फॅक्टरवर तासन्‌तास वाद घालतात आणि त्रिज्या तशीच ठेवतात.

सॉलिडवर्क्स वापरणाऱ्यांना ही उलटी कसरत लागत नाही. तिथे `Bend Deduction` हा पर्याय निवडून ३.८ थेट भरता येतो. तरीही त्रिज्या खरी असावी, कारण कोपऱ्याजवळची भोके आणि जोडणीतले अंतर तिच्यावरच अवलंबून असते.

कुपवाडकर

२.५ चेच पान बसले. रूल बदलला आणि फ्लॅट पॅटर्न १९२.४० आला.

लेझर_सातारा

छान. आता फाइल पाठवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात अशी विनंती आहे, कारण बेंडचा हिशोब बरोबर असूनही इथे लॉट वाया गेलेले मी पाहिले आहेत.

पहिली गोष्ट बेंडच्या रेषांची. `Export Flat Pattern as DXF` केल्यावर बेंडच्या रेषाही फाइलमध्ये येतात. त्या वेगळ्या लेयरवर असतात, पण प्रोग्रॅम करणाऱ्याच्या लक्षात आले नाही तर मशीन त्या आरपार कापते आणि यू ब्रॅकेटऐवजी तीन पट्ट्या हातात येतात. एक तर त्या काढून टाका, नाहीतर त्या केवळ खुणेसाठी आहेत असे ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा. मला स्वतःला आवडणारी पद्धत अशी की रेषा काढून टाकावी आणि तिच्या दोन्ही टोकांना कडेवर अर्ध्या मिलिमीटरची बारीक खाच ठेवावी. बेंडिंगवाल्याला ती दिसते आणि त्याचा गेज बरोबर लागला की नाही ते पहिल्याच तुकड्यावर कळते.

दुसरी गोष्ट मापाच्या एककाची. डीएक्सएफ कधीकधी इंचात उघडते आणि भाग २५.४ पट मोठा किंवा लहान दिसतो. तेवढा मोठा फरक सहसा डोळ्यांना कळतोच, पण लहान भागांच्या गर्दीत एखादा निसटतो. म्हणून फाइलच्या नावातच पट्टीचे माप लिहा. आपल्या फाइलला `bracket_T2_192.4x80.dxf` असे नाव असेल तर ती उघडताच मी ते माप ताडून पाहीन.

कृष्णाकाठ

मला एक मुद्दा मांडावासा वाटतो. पत्र्याच्या रोलिंगची दिशा कोणीच विचारात घेतलेली नाही. लेझरवाले पत्रा वाचवण्यासाठी नेस्टिंग करताना काही तुकडे आडवे आणि काही उभे ठेवतात. मग एकाच लॉटमधल्या अर्ध्या तुकड्यांचा बेंड दाण्याला समांतर पडतो आणि अर्ध्यांचा आडवा. आमच्या अनुभवाने दोघांच्या कोनात फरक पडतो. नेस्टिंगमध्ये तुकडे फिरवू नयेत असे ऑर्डरवर लिहायलाच हवे.

लेझर_सातारा

कृष्णाकाठ, जाड किंवा कडक पत्र्याबद्दल आणि अॅल्युमिनियमबद्दल मी सहमत आहे, तिथे तडे जाण्याचीही भीती असते. पण २ मिमी सीआरसीएच्या साध्या ब्रॅकेटला तुकडे फिरवू नका म्हटले तर पत्रा वाया जातो आणि त्याचे पैसे शेवटी ग्राहकालाच पडतात. एवढ्या पातळ सीआरसीएला माझ्याकडे त्यावरून कधी तक्रार आलेली नाही.

कृष्णाकाठ

तक्रार आली नाही याचा अर्थ फरक पडला नाही असे होत नाही. बेंडिंगवाला प्रत्येक तुकड्याचा कोन हाताने सुधारत असेल आणि ते कोणाला सांगत नसेल, असेही होऊ शकते.

वैशाली_टूलरूम

माझ्या मते दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. तीन पट्ट्या समांतर आणि तीन आडव्या वाकवून पाहिल्याशिवाय या विशिष्ट पत्र्यासाठी मी काही सांगणार नाही.

मिरज_फॅब

लेझरबद्दल मी घाईने बोललो, ते मागे घेतो. पण एक विचारतो. ही पट्टी दर वेळी वाकवायची का? पत्र्याचा प्रत्येक लॉट वेगळा असतो.

वैशाली_टूलरूम

दर वेळी नको. जाडी, पत्र्याचा प्रकार आणि व्ही यांपैकी काही बदलले की नव्याने करा. एरवी जाडी मोजणे पुरेसे आहे. २ मिमी म्हणून आलेला पत्रा कधी १.९५ किंवा त्याहून कमी भरतो. मायक्रोमीटर नसेल तर पाच तुकडे एकावर एक ठेवून व्हर्नियरने मोजा आणि पाचाने भागा.

ज्या कोष्टकात पत्रा, जाडी, व्ही आणि मिळालेला `BD` एवढे चार रकाने आहेत ते कोणत्याही पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा उपयोगी पडते. मात्र ते त्या मशीनपुरतेच असते.

आप्पा_विटा

मग ते कोष्टक कोणी ठेवायचे? माझ्या मते बेंडिंगवाल्याने. व्ही त्याचा, मशीन त्याचे. ड्रॉइंग काढणाऱ्याने बाहेरची मापे द्यावीत आणि पट्टीची लांबी बेंडिंगवाल्याने ठरवावी. आमच्याकडे असेच होते.

लेझर_सातारा

आप्पा, कटिंग आणि बेंडिंग एकाच छताखाली असेल तर आपले म्हणणे योग्य आहे. आमच्याकडे तसेच चालते आणि मी ग्राहकांकडून तयार मॉडेल मागतो, डीएक्सएफ नाही. पण कुपवाडकरांचा लेझरवाला एक आणि बेंडिंगवाला दुसरा. पट्टी आधी कापली जाते, म्हणून तिची लांबी ड्रॉइंग काढणाऱ्यालाच ठरवावी लागणार.

आप्पा_विटा

आणि बेंडिंगवाल्याने मध्येच डाय बदलला तर? त्याच्याकडे घाईचे दुसरे काम आले आणि बाराचा व्ही आधीच चढवलेला असला, तर तो तुमच्यासाठी तो उतरवेल का?

कुपवाडकर

आप्पा, तीच भीती मलाही आहे. म्हणून ड्रॉइंगवर आता "व्ही १६, आतली त्रिज्या २.५, बेंडला वजावट ३.८" अशी ओळ लिहिली आहे, आणि पहिला तुकडा वाकवून फोन केल्याशिवाय पुढचे वाकवू नयेत असे त्याला सांगितले आहे. त्याने मान्य केले.

काल नवीन लॉटचे पहिले दहा ब्रॅकेट आले. नऊ तुकड्यांचा मधला भाग ९९.९ ते १००.१ च्या दरम्यान आहे आणि ते खाचेत हाताने बसतात. दहावा मात्र १००.३ भरतो. तोही बसतो, पण तो वेगळा का आला ते मला सांगता येत नाही. त्याचा कोन गुण्याने बरोबर दिसतो आणि जाडीही इतरांइतकीच आहे.

कृष्णाकाठ

तो तुकडा नेस्टिंगमध्ये आडवा होता का, ते लेझरवाल्याकडून विचारून घ्या.

कुपवाडकर

विचारले. त्याच्याकडे नेस्टिंगची नोंद आहे, पण कोणता तुकडा कुठला हे आता ओळखता येत नाही. पुढच्या लॉटला आडव्या ठेवलेल्या तुकड्यांवर एक बारीक खूण कोरून द्यायला त्याला सांगितले आहे. तीस ब्रॅकेटची ऑर्डर सोमवारी लागते आहे. सगळे मोजून इथेच आकडे देतो.